इंद्रगोप आणि ओसरी

श्रावस्तीच्या जेतवनात रात्री पाऊस पडून गेला आहे. ओल्या मातीतून इंद्रगोप वर आले आहेत. आपण ज्यांना मृगाचे किडे म्हणतो तेच, लालबुंद मखमलीचे जिवंत ठिपके, तळहातावर घेतले तर वजन नाही, नुसती एक हलकी गुदगुली. आणि त्याच मातीवर एक थेर चंक्रमण करतो आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग तितक्याच संथपणे उलटा, पायांखाली काय येतं आहे याचा त्याला पत्ता नाही, कारण रात्र असो की दुपार, त्याला आता सारखीच. सकाळी भेटीला आलेल्या भिक्खूंना दिसते ती मेलेल्या किड्यांनी लाल झालेली वाट.

ते तक्रार घेऊन बुद्धांकडे जातात. बुद्ध एवढंच विचारतात, त्याला मारताना तुम्ही पाहिलंत का? नाही. मग जसं तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, तसंच त्यानंही त्या जिवांना पाहिलं नाही.

हिशेब मिटला.

धम्मपदाच्या 423 गाथांमधली पहिली गाथा या प्रसंगाला जोडून अट्ठकथेत येते, आणि गंमत अशी की ती या किड्यांविषयी नाहीच. पायांनी केलं ते बाजूला ठेवून कथा हातांकडे वळते, फार जुन्या एका जन्मातल्या हातांकडे. भिक्खूंनी पुढचा प्रश्न विचारलेला असतो: जो अर्हत झाला, त्याचे डोळे का गेले?

डोळे गेले त्याची हकिगत तशी सरळ आहे. हा थेर, चक्खुपाल, साठ भिक्खूंबरोबर दूरच्या एका गावी वर्षावासाला राहिला आणि तीन महिने पाठ टेकायची नाही असं ठरवून बसला. चालायचं, उभं राहायचं, बसायचं. आडवं व्हायचं नाही. महिन्याभरात डोळे गळू लागले. वैद्यानं नाकात सोडायचं तेल दिलं, त्यानं ते बसूनच घातलं, गुण येईना. झोपून घ्या, वैद्य विनवत राहिला. चक्खुपालनं स्वतःच्या देहाशीच सल्लामसलत केली, डोळे हवेत की धम्म हवा, आणि उत्तर ठरलं. माझं औषध घेतलं असं कुणाला सांगू नका, म्हणून वैद्यही हात झटकून निघून गेला. पुढे एका रात्री डोळे आणि मनाचे मळ एकाच क्षणी संपले, अट्ठकथा म्हणते, मागं ना पुढं.

पण बुद्ध सांगतात ती गोष्ट वाराणसीतल्या दुसऱ्या एका वैद्याची आहे, आणि तो वैद्य म्हणजे त्या जुन्या जन्मातला चक्खुपालच. अधू डोळ्यांची एक बाई त्याच्याकडे आली. डोळे बरे झाले तर मुलाबाळांसकट तुमची दासी होईन, म्हणाली. त्यानं औषध दिलं, आणि एकाच औषधात तिला लख्ख दिसू लागलं. मग दिसू लागलेल्या त्या जगात तिला आपली मुलं दिसली असतील आणि दासीपण दिसलं असेल, आणि ती खोटं बोलली: दुखणं वाढलंय. त्यानं ओळखलं. घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, काय करणार तेही सांगितलं. बायको गप्प राहिली. मग त्यानं दुसरं औषध तयार केलं.

मी या कथेत नेहमी इथेच थांबते. तेच हात. तेच खलबत्त्याचे आवाज, तीच बोटं, पापणी हळूच उचलणारी, तोच तिचा वर केलेला विश्वासाचा चेहरा, आणि उंबऱ्यात कुणी तिऱ्हाईत उभा असता तर त्याला कालचं औषध आणि आजचं औषध यात काही फरक दिसला नसता, इतकी ती दोन कृत्यं बाहेरून जुळी. फरक होता तो औषध खलण्याच्याही आधी कुठेतरी पडला. मन पुढे गेलं होतं. हात नुसते मागून आले. आणि ती बायको? तिचे हात तर हललेही नाहीत. अट्ठकथा तिच्या गप्प राहण्याची नोंद करते आणि तिला तिथेच सोडते. मला मात्र ती सोडवत नाही.

एक मात्र सांगायला हवं. कुणा आंधळ्या माणसाकडे बघून मागच्या जन्माचा हिशेब काढण्यासाठी ही कथा वापरणारे मला भेटले आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. कथेतले भिक्खू आधी किडे पाहूनच चुकले होते. बाहेरून पाहून निवाडा करणाऱ्यांना कथेनंच पहिल्या पानावर गप्प केलं आहे.

गाथेत मग ती उपमा येते: मळलेल्या मनानं बोलावं, करावं, की दुःख मागोमाग येतं, गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावं तसं. बैल वळला की चाक वळतं. बैल थांबला तरी जू मानेवरच.

जोडीची दुसरी गाथा साच्यानं तीच, फक्त मन निवळलेलं, आणि मागे येतं ते सुख, न सोडणाऱ्या सावलीसारखं. तिची कथाही श्रावस्तीतलीच, आणि पुन्हा औषधाचीच. अदिन्नपुब्बक म्हणजे कधी कुणाला काही न दिलेला ब्राह्मण. सोनाराची मजुरी वाचावी म्हणून यानं स्वतःच सोनं ठोकून मुलाला कुंडलं केली, आणि त्या कुंडलांवरून पोराचं नाव पडलं मट्ठकुंडली. सोळाव्या वर्षी मुलाला कावीळ झाली. बाप वैद्यांकडे गेला तो त्यांना आणायला नाही. अशा दुखण्यावर तुम्ही काय देता, असं आडून विचारून घरी झाडाच्या साली उकळायला. पोर हाताबाहेर गेलं तेव्हा भेटायला येणाऱ्यांना घरातली संपत्ती दिसू नये म्हणून त्यानं त्याला बाहेर ओसरीवर आणून निजवलं.

ती ओसरी डोळ्यांपुढून जात नाही. पिवळं पडलेलं अंग, पिवळी कुंडलं, घराच्या भिंतीकडे तोंड. रस्त्यावरून बुद्ध भिक्षेला येतात. प्रकाशाची एक तिरीप भिंतीवर पडते, मुलगा कसाबसा कूस बदलतो आणि पाहतो. हात जोडायचे तर हात उचलत नाहीत. तो फक्त मनातून प्रसन्न होतो. दान नाही, उपदेश ऐकणं नाही, एक उपोसथही नाही. बुद्ध पुढे जातात, आणि मुलगा जातो.

एकाचे पाय चालले आणि काहीच घडलं नाही. दुसऱ्याचं बोटही हललं नाही आणि सगळं घडलं.

बाप रोज स्मशानात जाऊन रडू लागला. मग एक दिवस तिथे मट्ठकुंडलीच्याच रूपाचा एक देवपुत्र हात पसरून रडताना दिसला. सोन्याचा रथ आहे, म्हणाला, चाकं मिळत नाहीत. आणि उभ्या जन्मात कुणाला कवडी न दिलेला तो माणूस बोलून गेला, सोन्याची देतो, रूप्याची देतो, रत्नांची देतो. देवपुत्राला चंद्र आणि सूर्य हवे होते. वेडा आहेस, बाप म्हणाला. निदान मी मागतो ते दिसतं तरी, देवपुत्र म्हणाला. तुमचं तर दिसतही नाही.

पहिल्या गाथेतलं चाक बैलाला सोडत नाही, दुसऱ्या कथेतली चाकं आकाशात आहेत आणि कुणाच्या हाती लागत नाहीत. हे मुद्दाम जुळवलं असेल असं मी म्हणत नाही, पण एकदा दिसल्यावर डोळा तिथेच जातो. देवपुत्र म्हणजे आपलाच मुलगा हे ब्राह्मणाला उमगलं, त्यानं बुद्धांना घरी बोलावलं, आणि जेवण झाल्यावर व्यवहारी माणसाचाच प्रश्न विचारला: काही न देता, नुसत्या मनाच्या प्रसन्नतेनं कुणी स्वर्गात गेलंय का? मला कशाला विचारतोस, बुद्ध म्हणाले, तुझ्या मुलानं सांगितलं नाही का?

अट्ठकथा शेवटी म्हणते, त्या दिवसानंतर अदिन्नपुब्बकानं आपलं धन धम्मासाठी मोकळं केलं.