कड्याच्या मधोमध

जवळ जावे तशी ओढ वाढते, ही गुरुत्वाकर्षणाबद्दलची आपली समजूत इतकी पक्की आहे की तिला धक्का द्यायला एक साधे कडेही पुरते हे ऐकून नवल वाटते. बारीक, सगळीकडे सारख्याच जाडीचे कडे घ्या. त्याच्या केंद्रातून, कड्याच्या पातळीला काटकोन करून जाणारी रेषा म्हणजे त्याचा अक्ष. या अक्षावरून एखादा कण दुरून कड्याकडे येऊ लागला, की ओढ आधी वाढत जाते, मग एका ठिकाणी कळस गाठते, तिथून उतरू लागते आणि कण केंद्रात पोचताच शून्य होते. वस्तुमान तर रतीभरही घटलेले नाही, आणि अंतर सारखे कमीच होत आले आहे. माझे म्हणणे असे, की ओढीचा हिशेब निव्वळ अंतराचा नसतो, दिशेचाही असतो. आणि कड्याइतके स्वच्छ हे दुसरे काहीच दाखवत नाही.

कड्याची त्रिज्या ३ आणि कण केंद्रापासून ४ अंतरावर, असे समजू. मग कड्याचा प्रत्येक कण आपल्या कणापासून बरोबर ५ अंतरावर येतो, कारण ३, ४, ५ हा काटकोन त्रिकोण आहे. सोयीसाठी GM = १ धरला, तर सगळ्यांची मिळून तिरपी ओढ १/२५. पण समोरासमोरच्या तुकड्यांची आडवी ओढ एकमेकांना खोडून टाकते आणि अक्षाच्या दिशेचा ४/५ भागच हाती उरतो. म्हणजे ४/१२५, अर्थात ०.०३२. सूत्रात मांडायचे तर g = GMx/(R² + x²)^(3/2). आता कण १ अंतरावर आणा : ओढ ०.०३१६. चौपट जवळ येऊनही ती किंचित कमीच! तुकडे जवळ आले हे खरे, पण त्यांची ओढ आता बहुतेक आडवी झाली आणि आपसातच खर्ची पडली. अंतराचा फायदा आणि दिशेचा तोटा यांची बरोबरी x = R/√2 इथे होते, आपल्या कड्यासाठी सुमारे २.१२ वर, तिथे ओढ ०.०४२८, याहून जास्त ती अक्षावर कुठेच नाही.

यावर हमखास येणारी हरकत अशी : कड्याचे सगळे वस्तुमान केंद्रात एकवटले आहे असे का धरू नये? दूर गेल्यावर जरूर धरावे. ३० अंतरावर त्याने जेमतेम दीड टक्क्याची चूक होते. पण ४ अंतरावर तोच हिशेब १/१६ सांगतो, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि केंद्रात तर थेट अनंत. उत्तर बरोबर आहे का हे पाहायचे असेल, तर त्यात x = ० घालावे. शून्य आले नाही, तर सममिती कुठेतरी हातून निसटली आहे.

दुसरी हरकत जास्त सूक्ष्म आहे. पोकळ गोलाच्या आत कुठेही ओढ शून्य असते, हे न्यूटनने दाखवले. मग कड्याच्या पोटातही तसेच का नसावे? केंद्रापासून थोड्या बाजूच्या बिंदूतून दोन्हीकडे एकच अरुंद कोन उघडा. गोलावर त्या कोनात सापडणारे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढते, ओढ वर्गाने घटते आणि दोन्ही बाजू तोलल्या जातात. कड्यावर मात्र सापडते ती नुसती लांबी. ती अंतराच्या पहिल्याच घाताने वाढते, त्यामुळे दूरची बाजू कमी पडते आणि जवळची जिंकते. म्हणून केंद्रातला कण अक्षाच्या दिशेने ढकलला तर परत येतो, पण कड्याच्या पातळीत तसूभर सरकला तर जवळच्या काठाकडेच ओढला जातो.

शनीच्या कड्यांचा प्रश्न नेमका इथेच अडला होता. कडे ग्रहाला ओढते तितकेच ग्रह कड्याला ओढतो; तेव्हा सगळीकडे सारखे, अखंड घन कडे आपल्या पातळीत जरा जरी सरकले, तरी त्याची एक बाजू ग्रहाकडे ओढली जाणार. ते फिरत असले तरी सावरत नाही, असे मॅक्सवेलने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात सिद्ध केले आणि शनीची कडी सुट्या कणांचीच असली पाहिजेत, असा निष्कर्ष काढला. अखंड कडे असते तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा वेगाने धावली असती. १८९५ साली जेम्स कीलरने कड्यांचा वर्णपट तपासला, तेव्हा वेगाने धावताना दिसली ती आतली कड.