पोट फुगणं सकाळीही उतरत नसेल तर

पोट फुगलं की आपल्याकडे आधी ओवा, हिंग, मग गॅसची गोळी. बहुतेक वेळा कारण खरंच गॅस असतो. पण गॅसचं फुगणं कमीजास्त होतं. रात्री पोट जड वाटतं, शौचाला झालं की सकाळी हलकं होतं. तुमचं पोट सकाळी उठतानाही तसंच घट्ट असेल आणि असं काही आठवडे चाललं असेल, तर अंडाशय तपासायला हवं.

माझ्याकडे ५४ वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. दोन महिने पित्ताच्या गोळ्या झाल्या होत्या, एंडोस्कोपी नॉर्मल होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, अर्ध्या भाकरीत पोट भरतं, पण परकराची नाडी घट्ट होत चाललीय." खाणं कमी आणि कंबर मात्र वाढती, हे मला खटकलं. विचारल्यावर कळलं की ओटीपोटही दुखतं आणि लघवीला सारखं जावं लागतं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयाची गाठ आणि पोटात पाणी दिसलं. अंडाशयाचा कॅन्सर होता, पोटात पसरलेला. केमोथेरपी आणि ऑपरेशन दोन्ही करावं लागलं.

रोग अंडाशयात आणि तक्रार जठराची, असं का? अंडाशयाभोवती मोकळी जागा असते, त्यामुळे गाठ वाढली तरी लवकर जाणवत नाही. तिच्यातून सुटलेल्या पेशी पोटाच्या आतल्या अस्तरावर आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर रुजतात, पाणी साठतं, आणि जठराला फुगायला जागा उरत नाही. म्हणून बाई पोटाच्या डॉक्टरांकडे जातात. (अंगावरून रक्त जात नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आठवतच नाहीत.)

कॅलेंडरवर खुणा करा. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोट दुखणं किंवा वारंवार लघवी, यांपैकी काहीही नव्याने सुरू होऊन महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस होत असेल, तर डॉक्टरांना ते कॅलेंडर दाखवा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'आयबीएस' असं निदान झालं, तर अंडाशय तपासलं का, हे जरूर विचारा. त्या वयात आयबीएस नव्याने क्वचितच सुरू होतो.

तपासणी म्हणजे पोटाची व ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची चाचणी. सीए-१२५ वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, पोटाचा टीबी यांतही ते वाढतं. उलट, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या जणींत ते नॉर्मल येतं. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखासाठी असते, अंडाशयाबद्दल ती काही सांगत नाही. रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्रास चालूच राहिला, तर पुन्हा दाखवा. आणि आई, बहीण, मावशी किंवा आत्याला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.