पिंपळगाव राजाचे मध्यान्ह

आठवीच्या भूगोलात ‘स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ’ हा धडा आला की फळ्यावरचे गणित पोरे झटकन पाठ करतात. एक अंश म्हणजे चार मिनिटे, पूर्वेला मिळवा, पश्चिमेला वजा करा. उत्तरे बरोबर येतात, पण विचारलेच की आपल्या गावात सूर्य डोक्यावर केव्हा येतो, तर सगळा वर्ग एका सुरात ‘बारा वाजता’ म्हणतो. म्हणून मी हा धडा पिंपळगाव राजापासूनच सुरू करतो.

खोलीच्या खिडक्या बंद करायच्या, पृथ्वीगोल टेबलावर आणि बॅटरी निदान दोन-तीन मीटर लांब ठेवायची. बॅटरी जवळ आणली तर गोलावर नुसता वाटोळा डाग पडतो, अर्धा गोल उजळत नाही. मग दोन बारीक टिकल्या चिकटवायच्या. एक मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, जिथल्या सूर्यावर भारताचे घड्याळ लावलेले आहे. दुसरी आपल्या गावावर, साधारण ७६.५ अंशांवर. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर त्यांच्यातले पूर्व-पश्चिम अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर भरते. गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवायचा. मिर्झापूरच्या आधी आपली टिकली बॅटरीसमोर आली, तर कोणीतरी तो उलटा फिरवतो आहे हे ओळखावे.

इथे मुले उजेड-अंधाराची कड पाहून वेळ सांगू लागतात. तिथे थांबवावे लागते. गोलाचा आस बॅटरीकडे किंवा तिच्यापासून दूर कललेला असेल, तर ती कड रेखावृत्तांना तिरकी कापते. दिल्ली आणि बंगळुरू जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, तरी डिसेंबरअखेर बंगळुरूला सूर्य अर्धा तास आधी उगवतो. उगवतीत अक्षांशाची भेसळ होते, मध्यान्हात होत नाही. रेखांश हवा असेल तर मध्यान्हच धरायचे.

आता हिशेब. फरक सहा अंशांचा, म्हणजे चोवीस मिनिटांचा. घड्याळात १२ वाजून २४ मिनिटे झाली की आपल्याकडे मध्यान्ह. मुंबईचे तर आणखी पुढे, १२ वाजून ३९ मिनिटांनी. १९०६ साली भारताची प्रमाण वेळ लागू झाली, तरी ही ३९ मिनिटे सोडायला मुंबई तयार नव्हती. तिथे ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत चालत राहिला. हट्ट म्हणा, पण तो सूर्याच्या बाजूने होता.

खरी गंमत अंगणात आहे, आणि ती दिवाळीच्या सुट्टीतच जमते. सपाट जागेत सरळ काठी उभी रोवा, ओळंब्याने तपासा. सर्वांत आखूड सावलीची वाट पाहत बसू नका, कारण मध्यान्हाच्या आसपास तिची लांबी इतकी कमी बदलते की नेमका क्षण सापडत नाही. त्यापेक्षा सकाळी, समजा १०.४० वाजता, सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ काढा. दुपारी टोक पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल तेव्हा घड्याळ पाहा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते १.३६च्या आसपास टेकते. दोन्ही वेळांचा मध्य १२.०८.

पण गणित तर १२.२४ म्हणाले होते! राहिलेली सोळा मिनिटे रेखांशाची नाहीत, सूर्याची आहेत. पृथ्वी सूर्याभोवती सारख्या वेगाने जात नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे मध्यान्हापासून मध्यान्हापर्यंतचा दिवस नेमका चोवीस तासांचा नसतो, आणि ते सेकंद साठत जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटे मागे. तीच काठी तेव्हा १२.३८ दाखवील. वर्षभराची सरासरी काढली की चोवीस मिनिटे उरतात. पुस्तकातला नियम त्या सरासरीचा आहे, एवढेच पुस्तक सांगायचे विसरते.

लांबच्या अंतरांचे गणित मी लक्ष्मीपूजनावर देतो. गावात रात्रीचे आठ वाजलेत, न्यू जर्सीतल्या मामाकडे किती? तिथली प्रमाण वेळ ७५ अंश पश्चिमेची. मूळ रेखावृत्त मध्ये येते म्हणून ८२.५ आणि ७५ यांची बेरीज, १५७.५ अंश. चारने गुणले की ६३० मिनिटे, साडेदहा तास. मामाकडे त्याच दिवशीचे सकाळचे साडेनऊ.

१२ नोव्हेंबर २०२३च्या लक्ष्मीपूजनाला हे उत्तर बरोबर होते. २०२४चे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले आणि मामा म्हणाले, साडेदहा वाजलेत. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या वर्षी तो रविवार ३ तारखेला होता, म्हणजे दोन दिवस उशिरा. एवढा एक तास कोणत्याही पृथ्वीगोलावर दिसत नाही. त्यासाठी तारीखच विचारावी लागते. २०२६चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. मामाला फोन करण्याआधी उत्तर काढून ठेवा.