टिंब पोहोचलं का?

‘०.५ मिली’ या मजकुरातली सगळ्यात छोटी गोष्ट म्हणजे मधलं टिंब. माझ्या फोनच्या स्क्रीनवर ते साधारण ५ पिक्सेल रुंद आहे. ते गेलं तर उरतं ‘०५ मिली’, म्हणजे एक छोटा चमचा. तान्ह्या बाळाला थेंबाथेंबाने द्यायच्या औषधात हा दहापट फरक झाला. आणि वाईट म्हणजे वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. ‘२५ मिली’ वाचून एखादा थबकेल तरी, पण ‘५ मिली’ आपण कितीतरी सिरपच्या बाटल्यांवर वाचलेलं असतं.

मी औषधांचं वेळापत्रक दाखवणाऱ्या एका अ‍ॅपवर काम करते. लोक ते वेळापत्रक अ‍ॅपमध्ये वाचतात त्याहून जास्त स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. आई स्क्रीनशॉट काढते, आजीला पाठवते, आजी शेजारच्या ताईंना दाखवते. आपल्याकडे मराठी मजकूर चित्र करून पाठवायची सवय जुनीच आहे. समोरच्याकडे फॉन्ट नसला की नुसते चौकोन दिसायचे, त्या काळापासूनची. आता फॉन्ट सगळ्यांकडे आहेत, पण चित्र पाठवलं की रकाने हलत नाहीत आणि मजकुरात कुणी फेरफार केलेला नाही असं वाटतं. त्यामुळे सवय टिकून आहे. म्हणून माझ्या कामात एक प्रश्न कायमचा येऊन बसला: आमच्या स्क्रीनवरचं मराठी तिसऱ्या फोनवर पोहोचतं तेव्हा त्यातलं काय शिल्लक असतं?

आधी साधं गणित. माझा फोन १०८० बाय २४०० पिक्सेलचा आहे. त्यावर आमच्या अ‍ॅपमधलं नेहमीचं अक्षर साधारण ३७ पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसतं. त्यात अनुस्वार ५ पिक्सेलचा, आणि अनुस्वार व शिरोरेषा यांच्यामधली पांढरी फट ३ पिक्सेलची. हे मी स्क्रीनशॉट मोठा करून, चौकोन मोजून काढलेले आकडे आहेत. मी तपासलेल्या एका मेसेजिंग अ‍ॅपने नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणली. म्हणजे २४०० चे १६००, सगळं दोन तृतीयांश. अनुस्वार ३ पिक्सेलहून थोडा जास्त उरला, फट २ पिक्सेलची. हे वाचता येतं.

अडचण लांब स्क्रीनशॉटमध्ये आहे. आठवड्याचं वेळापत्रक एका स्क्रीनवर मावत नाही, म्हणून लोक खाली सरकत सरकत एकच लांबलचक चित्र काढतात. तीन स्क्रीन एकत्र आल्या की उंची ७२०० होते. तिची १६०० करायची तर रुंदी १०८० वरून २४० वर येते. ३७ पिक्सेलचं अक्षर ८ पिक्सेलचं होतं, टिंब जेमतेम एका पिक्सेलचं आणि फट एका पिक्सेलपेक्षाही कमी. मिळालेलं चित्र कितीही झूम केलं तरी गेलेली फट परत येत नाही. फक्त धूसरपणा मोठा दिसतो.

एका पिक्सेलचं टिंब म्हणजे ‘लहान टिंब’ असं वाटू शकतं, पण तसं होत नाही. लहान केलेल्या चित्राच्या चौकोनांच्या जाळीत ते टिंब नेमकं एका चौकोनात पडलं, तर काळं दिसतं. चार चौकोनांच्या कोपऱ्यावर पडलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाव काळेपणा येतो आणि काळ्या टिंबाऐवजी फिकट करडा डाग उरतो. म्हणून एकाच चित्रात वरच्या ओळीतल्या ‘गोळ्यां’वर अनुस्वार असतो आणि खालच्या ओळीत तो नसतो. शब्द तोच, फॉन्ट तोच, फक्त जागा वेगळी.

त्यानंतर येतं जेपेग. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यात जे सावकाश बदलतं ते नीट राखतं आणि जे झटकन बदलतं ते ढोबळ करून टाकतं. चेहरा, आभाळ, पिवळा झेंडू यांना हे चालून जातं. पण अक्षर म्हणजे सगळं झटकन बदलणारंच: पांढरं, लगेच काळं, पुन्हा पांढरं. मग अक्षरांभोवती करड्या धुळीसारखे ठिपके उमटतात. आधीच पाव काळं झालेलं टिंब आणि ही धूळ यांत फरक करणं डोळ्याला जमत नाही. याचं उलटंही होतं. शिरोरेषेवर पडलेली धूळ नसलेल्या अनुस्वारासारखी दिसू लागते.

देवनागरीला हे जास्त का लागतं? एक तर आपलं अक्षर तीन मजली आहे. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार. त्याच ३७ पिक्सेलमध्ये हे तिघं दाटीवाटीने राहतात. दुसरं, आपल्याकडे काही अक्षरांची ओळखच एका फटीवर आहे. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, तर घ, म आणि य यांच्यावर ती सलग जाते. चित्र धूसर झालं की फट भरते. ‘धन’चं ‘घन’ होतं, ‘भात’चं ‘मात’, ‘माथा’चं ‘माया’. इंग्रजी आयवरचं टिंब गेलं तरी आय वाचता येतो. ‘गावांत’वरचा अनुस्वार गेला तर अनेक गावांचं एकच गाव होतं, आणि तो शब्दही तितकाच बरोबर असतो.

आता हे तपासायचं कसं? पहिला मार्ग मूळ चित्र आणि पोहोचलेलं चित्र यांतला फरक संगणकाने मोजण्याचा. तो इथे फसतो. १०८० बाय २४०० च्या चित्रात सुमारे २६ लाख पिक्सेल असतात आणि ५ बाय ५ च्या टिंबात २५. म्हणजे लाखात एक. टिंब पूर्ण गायब झालं तरी सगळ्या चित्राची सरासरी ढिम्म हलत नाही.

दुसरा मार्ग माणसाला विचारण्याचा. ऑफिसच्या पँट्रीतल्या मामांना मी एक खराब झालेला स्क्रीनशॉट दाखवला आणि विचारलं, “मामा, वाचता येतंय का?”

“येतंय की. अडीच मिली, दिवसातून दोनदा.”

त्या चित्रात दशांशचिन्ह उरलंच नव्हतं. मी म्हटलं, “मामा, टिंब दिसतंय तुम्हाला?”

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. “नाही दिसत. पण लेकराला पंचवीस मिली कोण देतं, ताई?”

मामांचं वाचन चोख होतं. त्यांनी अक्षरं वाचली नाहीत, अर्थ वाचला. आपण सगळे असंच वाचतो, म्हणून ‘वाचता येतंय का’ या प्रश्नाला जवळपास नेहमी ‘हो’ येतं. तपासणाऱ्याला मजकूर आधीच माहीत असेल, तर त्या ‘हो’ला काहीच किंमत नाही. मी स्वतः आमच्या स्क्रीनची परीक्षक होऊ शकत नाही, कारण तिथे काय लिहिलंय हे मला पाठ आहे.

म्हणून मी संदर्भ काढून टाकला. एकाच खुणेने वेगळे होणारे शब्द जोडीने घेतले: धन–घन, भात–मात, माथा–माया, बार–वार, पाठ–पाट, गावात–गावांत, ०.५–०५, १०–९०. प्रत्येक जोडीतला कुठलाही एक, चिठ्ठी उचलून, आमच्या स्क्रीनवर नेहमीच्याच आकारात टाकला. असे २० शब्द झाले की स्क्रीनशॉट काढायचा आणि खराब करायचा. मग ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशाला फोन हातात देऊन विचारायचं, “काय लिहिलंय?” इथे नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी २० पैकी १० च्या आसपास बरोबर येतातच. त्यामुळे १५ बरोबर म्हणजे ‘बऱ्यापैकी’ नाही. आम्ही २० पैकी २० धरतो, आणि चुकलेला शब्द कोणत्या जोडीतला होता ते लिहून ठेवतो.

खराब करण्याचं काम संगणकावर दोन ओळींत होतं:

```
magick asal.png -resize "1600x1600>" -sampling-factor 4:2:0 -quality 50 fera1.jpg
magick fera1.jpg -chop 3x3 -sampling-factor 4:2:0 -quality 50 fera2.jpg
```

पहिली ओळ म्हणजे पाठवणं: आकार कमी, मग जेपेग. अ‍ॅप नेमकं किती दाबतं हे ते सांगत नाही, म्हणून मी ५० हा थोडा कडक आकडा धरते. दुसऱ्या ओळीत डावीकडून आणि वरून ३ पिक्सेल कापले आहेत, कारण माणसं तेच करतात. नुसतं त्याच दाबाने पुन्हा जेपेग केलं तर चित्र फारसं बिघडत नाही, ८ बाय ८ चे तुकडे जिथल्या तिथे असतात. पण कडा कापली की तुकड्यांची जाळी सरकते आणि नव्या ठिकाणी नवी धूळ उडते. हाच प्रयोग मूळ चित्र एकेक पिक्सेल खाली सरकवूनही करते, म्हणजे एखादं टिंब नशिबाने वाचलं असेल तर ते उघड होतं. शेवटची खात्री मात्र खऱ्या फोनवरून खऱ्या फोनवर पाठवूनच होते, कारण अ‍ॅपच्या मर्यादा बदलत राहतात.

आदेशातल्या `4:2:0` चा अर्थ असा की उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवली जाते, पण रंगाची नोंद चार पिक्सेल मिळून एकच. आमच्याकडे ‘डोस चुकला’ ही सूचना नारिंगी पट्टीवर लाल अक्षरांत होती. स्क्रीनवर ती उठून दिसायची. पण ० ते २५५ च्या मापात त्या नारिंगीचा उजेड १६५ आणि लालचा ९६. पांढऱ्यावर काळ्यात हे अंतर २५५ असतं, इथे फक्त ६९. बाकीचा फरक रंगाचा, आणि तोच पुसला जातो. त्या सूचनेत पहिल्याच फेरीनंतर ध आणि घ एक झाले. आता तिथे पांढऱ्यावर काळी अक्षरं आहेत आणि लाल फक्त कडेची रेघ.

आकड्यांसाठी आम्ही आणखी दोन गोष्टी केल्या. ‘शेअर’चं बटण आता एक लांब चित्र देत नाही. १०८० बाय १६०० च्या आत बसणारी वेगवेगळी पानं देतं, म्हणजे आकार कमी होण्याची पायरीच टळते आणि फक्त जेपेगशी गाठ राहते. पानं ग्रुपवर मागेपुढे होतात, म्हणून प्रत्येकावर बाळाचं नाव आणि ‘४ पैकी २’ असं लिहिलेलं असतं. हीच पानं डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तीही झीज होत नाही, पण हे करणारे थोडे.

स्वतःच लांब स्क्रीनशॉट काढणाऱ्यांना मात्र आम्ही अडवू शकत नाही. त्यांच्यासाठी डोसाचं अक्षर मोठं केलं, ३७ ऐवजी साधारण ५२ पिक्सेल, म्हणजे टिंब ५ चं ७ झालं. तीन स्क्रीनच्या चित्रात तेवढंही पुरत नाही. तिथे दीडच पिक्सेल उरतो. म्हणून आता आकड्याच्या खाली तोच डोस अक्षरांतही असतो: ‘०.५ मिली’ आणि खाली ‘अर्धा मिली’. ‘अर्धा’ कितीही धूसर झालं तरी त्याचं ‘पाच’ होत नाही. ध ची फट भरून ‘अर्घा’ दिसलं, तर वाचणारा ते आपोआप ‘अर्धा’ असंच वाचतो. मामांनीही तसंच वाचलं.