'thik ahe' आणि 'ठीक आहे.'

भांडण झालंय हे मला तिच्या शब्दांवरून नाही, लिपीवरून कळलं.

झालं असं, की माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आम्ही दोघी कासार आंबोलीच्या. सकाळी आठला कोथरूडला पोचायचं, मी गाडी घेऊन येते, असं मीच सांगितलेलं. आदल्या रात्री एक आर्टिकल पूर्ण करत तीनपर्यंत जागले आणि उठले साडेनऊला. त्या दोघी रिक्षा, मग बस असं करत केव्हाच पोचल्या होत्या. मी घाईघाईत मेसेज टाकला: `sorry yaar, zop lagli 🙈 kaku kashya ahet?`

उत्तर आलं: 'ठीक आहे.'

एवढंच. देवनागरीत, आणि पुढे पूर्णविराम! वर्षानुवर्षं ही मुलगी मला `thik ahe g` असंच लिहीत आलीये. म्हणजे तिने मुद्दाम कीबोर्ड बदलला होता. माझ्या पोटात गोळा आला.

आपल्या पिढीला रोमन मराठीची सवय लागली ती एसएमएसमुळे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं 160 बसायची, पण एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा थेट 70 वर यायची. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जायचं. 'स्त्री' हे दिसायला एकच अक्षर, पण जागा सहा! शिवाय बऱ्याच साध्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. तेव्हा रोमन ही मजबुरी होती. आता फोनमध्ये दोन्ही कीबोर्ड शेजारी शेजारी असतात. कुठला वापरायचा हे आपण ठरवतो, आणि आपण ठरवलंय हे समोरच्याला दिसतं.

रोमनचे घोळ तर रोजचेच. त्यात ट-त, ल-ळ, न-ण सगळं एकच. मध्ये भावाने लिहिलं, `chavi malyavar ahe`. मी स्टूल लावून माळा उपसला आणि चावी होती मळ्यावर. पण असले घोळ हसण्यावारी जातात. टोनचे जात नाहीत.

मग देवनागरी म्हणजे राग, असं समजायचं का? तर नाही. माझे बाबा फोनला बोलून मेसेज टाइप करतात, त्यामुळे त्यांचं सगळंच देवनागरीत येतं. 'जेवलीस का' हेसुद्धा. त्यात कसला आलाय राग! उलट त्यांच्याकडून नुसतं `ok` आलं तर मी लगेच फोन करेन. टोन लिपीत नसतो, तो सवय मोडण्यात असतो. ज्याची जी नेहमीची लिपी, तिच्यातून तो बाहेर पडला की काहीतरी बिनसलंय समजावं.

इंग्रजीचंही तसंच. नव्या क्लायंटशी मी पटकन इंग्रजीत शिरते, कारण 'यू' म्हटलं की तू की तुम्ही हा प्रश्नच मिटतो. इंग्रजी थोडं अंतर ठेवायला बरी पडते. माझ्या मेसेजची गडबड नेमकी तिथेच होती. 'सॉरी' हा शब्द आपण बसमध्ये धक्का लागला तरी वापरतो. त्यापुढे 'यार', त्यापुढे डोळे झाकणारं माकड. तिची आई डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली, आणि माझी माफी अशी!

मी पुन्हा लिहायला बसले. आधी टाइप केलं, `I am really sorry`. हे तर एचआरच्या मेलसारखं वाटत होतं. खोडलं. मग 'मी दिलगीर आहे'. हे वर्तमानपत्रातल्या खुलाशासारखं. तेही खोडलं. मग `majha chukla`. शब्द बरोबर होते, पण रोमनमध्ये ते नेहमीच्या गप्पांसारखेच दिसत होते. शेवटी कीबोर्ड बदलला आणि लिहिलं: 'माझं चुकलं. काकूंना न्यायला मी यायलाच हवं होतं.'

सॉरी म्हणताना काय चुकलं ते सांगावं लागत नाही. 'माझं चुकलं' म्हटलं की चूक कुणाची हे त्यातच येतं, म्हणून ते लिहायला जड जातं. एवढे दोन शब्द पाठवायला मला दहा मिनिटं लागली.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. निळ्या टिका मात्र दिसत होत्या. रात्री साडेनऊला फोन वाजला:

`ho, chuklach tujha. aai vicharte ahe kadhi yetes`

राग अजून होता, पण तो रोमनमध्ये आला होता! मी चप्पल घातली आणि निघाले.