नाही, या अंकात नाही

कॉलेजच्या वार्षिक अंकाला लेख द्यायला मी नकार कळवला. आपल्यातलीच काही पोरं म्हणाली, शिंगं फुटली काय याला? आपल्याला पानं मिळतायत तर हा नाही म्हणतो. म्हणून हिशेब मांडतो.

मागणी सोमवारी आली. विषय १९८२ चा गिरणी संप, शब्द बाराशे, मुदत पुढच्या बुधवारची. त्या आठवड्यात माझी तिसरी पाळी, रात्री बारा ते सकाळी आठ. रिंगफ्रेमवर रातभर तुटलेले धागे जोडायचे, मग दुपारी तीनपर्यंत झोप. पाणी, रेशन, आईचं औषध वजा जाता दिवसाला दोन तास. तेवढ्यात बाराशे शब्द कागदावर उतरतील. पण उतरवायचं काय?

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पुढारी डॉ. दत्ता सामंत, एवढं कुणीही सांगेल. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार सामंतांच्या मागे, बोलणी करायचा हक्क दुसऱ्याकडे. हा पेच उलगडल्याशिवाय संप म्हणजे नुसता हट्ट वाटतो. आणि संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मग एकेका घरात तो संपला कधी? हे भोगलेल्याला विचारावं लागतं. असे दोन बाबा पाटणकडे गावी असतात. जायला-यायला अख्खा दिवस, आणि मला सुट्टी एकच. पहिल्या भेटीत म्हातारा चहा पाजतो, संपाचं बोलत नाही.

संपादक पोरगा म्हणाला, "दादा, नेटवरून काढा की. कोण बघतंय?"

बघणारे तेच म्हातारे. त्यांची नातवंडं त्याच कॉलेजात शिकतात.

नकार मंगळवारीच पाळीवरून आल्या आल्या लिहिला. 'बघतो, जमवतो' असलं काही नाही. अंक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापतात, संपादक आधीच पानं मोजून जागा धरतो. शेवटच्या रात्री नाही म्हटलं तर चार पानं उघडी पडतात, मग तिथं साहेबांचे सत्काराचे फोटो येतात. एवढंच लिहिलं: "बुधवारपर्यंत जमणार नाही. माझी जागा धरू नका. एका पानाची कविता तयार आहे, हवी तर घ्या. संपावरचा लेख पुढच्या अंकाला देईन, दोन महिने आधी सांगा."

पोरगा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, कविता पाठवा.

पुढच्या वर्षी तो संपादक नसणार, हे मला ठाऊक आहे. दिवाळीला आमची गिरणी दोन दिवस बंद असते. तेव्हा पाटणला जाणार आहे, वही घेऊन.