आभाराच्या नऊ चिठ्ठ्या

ईदनंतर चौथ्या दिवशी आम्ही दोघे नवरा-बायको कागद घेऊन बसलो. नऊ माणसांना नऊ चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. मिरजेतल्या आमच्या छोट्या कारखान्यातून यंदाच्या रमजानमध्ये पहिल्यांदाच तयार शीरखुर्म्याचे पाकीट बाजारात गेले. तुपात भाजलेल्या सेवया, खारीक, चारोळी, काजू, बदाम आणि वेलची. घरी फक्त दूध आणि साखर घालायची. पाकिटे ४,००० आणि दिवस १८. माल निघायची तारीख एक दिवसही पुढे सरकवता येणार नव्हती, कारण हा माल ईदच्या आदल्या संध्याकाळपर्यंत विकतो, दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही. अल्हमदुलिल्लाह, माल वेळेवर गेला. आता ज्यांच्यामुळे गेला त्यांचे आभार मानायचे होते.

एक गोष्ट आम्ही आधीच ठरवली होती. ‘मेहनत’, ‘जिद्द’, ‘समर्पण’ आणि ‘मोलाचे सहकार्य’ हे शब्द चिठ्ठीत येऊ द्यायचे नाहीत. हे शब्द वाईट नाहीत, पण ते कोणालाही बसतात. ‘आपल्या अथक मेहनतीला सलाम’ हे वाक्य सीलिंग मशीनवरच्या आपांना लिहिता येते, टेम्पोवाल्या मामूंना लिहिता येते आणि दहावी पास झालेल्या शेजारच्या मुलालाही लिहिता येते. चिठ्ठीवरचे नाव खोडून दुसऱ्याचे घातले आणि मजकूर तसाच चालला, तर ती चिठ्ठी त्या माणसाची नव्हे, एवढी साधी परीक्षा आम्ही लावली.

त्यामागे दीनचीही एक शिकवण होती. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तोंडावर वारेमाप स्तुती करण्यापासूनही सावध केले आहे. कोणाची प्रशंसा करायचीच असेल तर आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या पलीकडे जाऊ नये. या दोन्ही गोष्टी एकत्र पाळायच्या तर एकच वाट उरते. जे घडले तेवढेच सांगायचे, पण ते नीट सांगायचे.

त्यासाठी प्रत्येक माणसाबद्दल आम्ही तीन प्रश्न ठेवले. त्याने काय पाहिले? त्यावर काय ठरवले? त्यामुळे काय वाचले किंवा काय झाले? उत्तरे आठवणीतून काढायची नाहीत, हेही ठरवले. १८ दिवसांच्या दगदगीत शेवटचे दोन दिवस तेवढे ठळक राहतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे काम मोठे वाटते. म्हणून रोजच्या बॅचची वही, फोनवरचे निरोप आणि परत आलेल्या मालाची नोंद समोर घेतली.

सीलिंग मशीनवरच्या आपांची चिठ्ठी कशी तयार झाली ते सांगतो. नवव्या रोजाला दुपारी दोनच्या सुमाराला त्यांनी मशीन थांबवली. टेम्पो दारात उभा होता. पाकिटाचे तोंड बोटाला तुपकट लागतेय, एवढेच त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी बादलीभर पाणी मागवले, दहा पाकिटे एकेक करून बुडवली आणि हाताने दाबली. तिघांतून बुडबुडे आले. म्हणजे सील दिसायला बंद, पण हवा जायला वाट होती. अशा पाकिटात दमट हवा शिरते, सेवया मऊ पडतात आणि तुपाला खवट वास येऊ लागतो. दुकानात ते कळत नाही. ते कळते ईदच्या सकाळी, पातेल्यात दूध उकळत असताना.

मशीनवरच्या मदतनीस मुलाने तापमान वाढवायला सुचवले. आपांनी नकार दिला. जास्त तापाने प्लास्टिक सुरकुतते, पण दोन पदरांच्या मधे तूप असेल तर ते एकमेकांना धरत नाहीत. मूळ कारण मागच्या टेबलावर होते. घाईत सेवया पुरत्या निवण्याआधीच भरल्या जात होत्या, त्यामुळे पातळ तूप पाकिटाच्या तोंडाला लागत होते. आपांनी सेवया परातीत पसरून पूर्ण थंड करायला लावल्या. स्वयंपाकघरातले रुंद नळीचे स्टीलचे नरसाळे आणून ते सीलच्या रेषेच्या खालपर्यंत घालून भरायला शिकवले. प्रत्येक पाकिटाचे तोंड कोरड्या फडक्याने पुसायचे, हेही त्यांनीच ठरवले. पन्नास मिनिटे काम बंद राहिले.

त्या दिवशी तोवर १,१०० पाकिटे झाली होती. बॅच क्रमांकाबरोबर तासही लिहिलेला असल्यामुळे संशय फक्त शेवटच्या दोन तासांतल्या २६० पाकिटांवर आला. आधीच्या तासांतली काही काही पाकिटे बुडवून पाहिली, ती कोरडी निघाली. मग २६० च्या २६० तपासली, त्यांत ७१ गळकी निघाली. आपांच्या चिठ्ठीत हेच गेले :

‘आपा, नवव्या रोजाला टेम्पो दारात असताना तुम्ही मशीन थांबवलीत. पाकीट बोटाला तुपकट लागले एवढ्यावरून तुम्ही बादलीत बुडवून पाहिले आणि तापमान वाढवण्याऐवजी सेवया थंड करायला लावल्या. ७१ गळकी पाकिटे आपल्या दारातच थांबली. त्यानंतर भरलेल्या मालातून सील उघडल्याची एकही तक्रार आलेली नाही. नरसाळ्याने भरायची तुमची पद्धत आता आपली कायमची पद्धत आहे. जज़ाकल्लाहु खैरन.’

या मजकुरात स्तुतीचे एकही विशेषण नाही. आपांचे नाव काढून दुसऱ्या कोणाचे घालता येत नाही.

मशीन थांबते तेव्हा सगळ्यांना दिसते. काही घडलेच नाही, तेव्हा आभार कसे मानायचे, हा प्रश्न जास्त अवघड होता. सुकामेवा निवडणाऱ्या खालांचे काम तसले आहे. पहिल्या आठवड्यात चारोळीचे ६ किलोचे पोते आले. खालांनी चार दाणे चावले, थोडा वेळ जिभेवर ठेवले आणि पोते परत पाठवायला सांगितले. चारोळीत तेल भरपूर, त्यामुळे ती लवकर खवट होते. दिसायला दाणे चांगलेच असतात, खवटपणा चावल्यावर मागाहून कळतो. वहीत त्याची नोंद एका ओळीची होती : ‘चारोळी परत.’ आम्ही हिशेब मांडला. एका पाकिटात ५ ग्रॅम चारोळी जाते. म्हणजे ते पोते १,२०० पाकिटांत गेले असते. न घडलेल्या गोष्टीला असा आकडा लावला की ती दिसू लागते. खालांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या सुनेसमोर, आपल्या घरच्या दखनी बोलीत हे सांगितले. आकडा ऐकून त्यांनी दोनदा विचारले, ‘बाराशे?’ मग सुनेला चहा ठेवायला सांगितले.

तिसरी गोष्ट लेबलची. छपाईच्या नमुन्यात वजन, किंमत, परवाना क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका सगळे होते. पण गहू, दूध आणि सुकामेवा यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीची सूचना नव्हती, आणि ती कायद्याने लागते. हिशेब बघणाऱ्या मुलीने छपाई थांबवली, हे फोनवरच्या निरोपात स्पष्ट दिसत होते. तरी चिठ्ठी लिहिण्याआधी आम्ही तिलाच विचारले, ‘तुझ्या लक्षात कसे आले?’ ती म्हणाली, ‘माझ्या नाही, भाभींच्या.’ पॅकिंगवरच्या भाभींच्या मुलाला काजू चालत नाही. त्यांनी नमुना पाहून सहज विचारले होते, ‘काजू आहे हे ठळक लिहिलंय ना?’ त्यावर मुलीने नियम काढून पाहिला आणि छपाईवाल्याला फोन केला. मग दोन चिठ्ठ्या झाल्या. एकीत प्रश्न विचारल्याचे आभार, दुसरीत तो प्रश्न तडीस नेल्याचे. आभार मानण्याआधी विचारून घेतले नाही तर एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडते. त्यावर कोणी भांडत नाही, पण पुढच्या वेळी असा प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही.

एका चिठ्ठीवर आम्ही दोघे बराच वेळ अडलो. माल वाटपाचे नियोजन करणारा तरुण शेवटच्या अशरात तीन रात्री तरावीहनंतर सहेरीपर्यंत जागला होता. पहिले वाक्य आपोआप सुचत होते : ‘तीन रात्री जागून तू...’ ते आम्ही लिहिले नाही. जागरणाची तारीफ लेखी दिली की पुढच्या रमजानला तेच माप होते, आणि जो घरी जाऊन झोपला तो कमी ठरतो. त्याचे खरे काम वेगळे होते. चाँद २९ व्या रोजाला दिसेल की ३० व्या, हे कोणालाच माहीत नसते. त्याने लांबच्या गावांचा माल २५ व्या रोजापर्यंत काढून टाकला आणि जवळच्या दुकानांचा शेवटी ठेवला, म्हणजे चाँद एक दिवस आधी दिसला तरी कोणाचे दुकान रिकामे राहणार नव्हते. चिठ्ठीत ते लिहिले. शेवटी एक ओळ जोडली : ‘पुढच्या वर्षी दुकानांच्या याद्या आणि खोक्यांवरची लेबले शाबानमध्येच होतील, म्हणजे तुझ्या रात्री तुझ्या राहतील.’ ज्याचा त्रास झाला त्याला त्या त्रासाबद्दल शाबासकीपेक्षा त्यावरचा उपाय सांगणे आम्हाला बरोबर वाटले.

जादा तासांचे पैसे मात्र चिठ्ठीसोबत दिले नाहीत. ते २७ व्या रोजालाच सगळ्यांच्या हातात होते. मजुराची मजुरी घाम सुकण्याआधी द्यावी ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे, आणि ईदची खरेदी ईदच्या आधी करायची असते. पैसे हा त्यांचा हक्क. आभार आणि हक्क एकाच पाकिटात घातले तर पैसे बक्षिसासारखे दिसतात आणि आभार पावतीसारखे.

चिठ्ठी कोठे द्यायची, हेही प्रत्येकाला विचारले. मामूंनी ती सगळ्यांसमोर वाचायला लावली. त्यांना उर्दूच वाचता येते, म्हणून त्यांची चिठ्ठी उर्दूत लिहिली होती. आपांनी पुरुषांसमोर नको म्हणून सांगितले, तर त्यांना घरी नेऊन दिली. पण नरसाळ्याची गोष्ट सगळ्यांना सांगायला त्यांची हरकत नव्हती. उलट, नव्या मुलीला ती पद्धत त्यांनी स्वतः उभे राहून दाखवली.

नऊ चिठ्ठ्यांना आमच्या दोन संध्याकाळी लागल्या. त्यांच्या प्रती आम्ही बॅचच्या वहीतच ठेवल्या आहेत. पुढच्या शाबानमध्ये काम सुरू करताना आधी त्याच वाचायच्या आहेत. सेवया किती निवू द्यायच्या, चारोळी कशी तपासायची, माल कोणत्या गावाला आधी पाठवायचा, हे सगळे त्यांत नावांसकट लिहिलेले आहे. अल्लाह त्या नऊ जणांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.